आधुनिक कांस्यशिल्पांवरील आवृत्ती क्रमांक व ओतशाळेचे ठसे

आधुनिक कांस्यशिल्पाच्या पायथ्याशी किंवा मागील बाजूस शिल्पकाराच्या सहीबरोबर बहुधा आणखी दोन खुणा आढळतात. एक म्हणजे ओतशाळेचा ठसा आणि दुसरी म्हणजे ‘३/८’ यासारखा आवृत्ती क्रमांक. शिल्पकार मूळ आकृती मातीत घडवतो, तिच्यावरून प्लास्टरची प्रतिकृती होते व तिच्या साच्यांतून कारागीर कांस्यप्रती ओततात. त्यामुळे एकाच शिल्पाच्या अनेक प्रती असू शकतात आणि त्या सर्व अस्सलही असू शकतात. हाती असलेली प्रत कोणी, केव्हा व कोणाच्या अधिकाराने ओतली, हाच येथे सत्यतेचा मुख्य प्रश्न असतो. फ्रेंच शिल्पकार ओगुस्त रोदँ (१८४०–१९१७) यांच्या शिल्पांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा ठरला आहे.

== ओतशाळेचा ठसा ==

रोदँ यांची कामे अनेक ओतशाळांनी ओतली. त्यांपैकी ‘अलेक्सिस रुदिये, ओतकार, पॅरिस’ या अर्थाचा फ्रेंच ठसा सर्वांत प्रसिद्ध आहे. अलेक्सिस रुदिये यांचे निधन १८९७ मध्ये झाले, तर रोदँ यांचे काम या ओतशाळेकडे १९०२ पासून येऊ लागले. म्हणजे रोदँ यांच्या ज्या शिल्पांवर हे नाव आहे, त्यांपैकी एकही स्वतः अलेक्सिस यांनी ओतलेले नाही. त्यांचा मुलगा यूजेन याने वडिलांच्याच नावाने ओतशाळा चालवली आणि १९५२ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तोच ठसा वापरात राहिला.

यावरून ठशाची मर्यादा लक्षात येते. रोदँ यांच्या हयातीतील १९१० ची प्रत आणि त्यांच्या निधनानंतरची १९४० ची प्रत या दोहोंवर एकच नाव असू शकते. १९५२ नंतर पुतण्या जॉर्ज रुदिये याने स्वतःच्या नावाचा ठसा वापरला, त्यामुळे तो ठसा असलेली प्रत मरणोत्तर आहे हे मात्र निश्चित सांगता येते. अशा प्रतींवर सहसा रोदँ संग्रहालयाचे नाव व वर्षही आढळते.

मरणोत्तर प्रत म्हणजे बनावट प्रत नव्हे. रोदँ यांनी १९१६ मध्ये आपल्या कलाकृती व त्यांच्या प्रती काढण्याचा हक्क फ्रेंच शासनाला दान केला. तो हक्क १९१९ मध्ये खुल्या झालेल्या रोदँ संग्रहालयाकडे आला. ‘नरकाचे द्वार’ हे त्यांचे विख्यात शिल्प तर त्यांच्या हयातीत कांस्यात कधी ओतलेच गेले नाही. त्याची प्रत्येक कांस्यप्रत मरणोत्तरच आहे.

== आवृत्ती क्रमांक ==

‘३/८’ याचा अर्थ आठ प्रतींच्या आवृत्तीतील तिसरी प्रत. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस करविषयक नियमांनी मूळ कांस्यप्रतींची संख्या आठवर मर्यादित केली. याखेरीज कलावंतासाठी चार प्रती मान्य झाल्या व त्यांवर रोमन अंक घालण्याचा प्रघात पडला. अशा रीतीने एकूण संख्या बारा होते.

रोदँ स्वतः प्रतींना सहसा क्रमांक देत नसत. मागणी येईल तशा त्या ओतल्या जात. म्हणून अलेक्सिस रुदिये यांचा ठसा आणि ‘३/८’ हा क्रमांक एकाच शिल्पावर दिसला, तर ती संशयाची जागा ठरते. ठसा १९५२ च्या आतला काळ सांगतो, तर आठाची मर्यादा त्यानंतर दीड दशकाने आलेली आहे. क्रमांक अस्सलपणाची हमी वाटतो, पण येथे तोच विरोधी पुरावा होतो.

== मोजमाप व त्याची मर्यादा ==

ठसा व क्रमांक दोन्ही साच्यातून नकलले जातात किंवा नंतर कोरता येतात. तयार कांस्यशिल्पावरूनच साचा घेऊन नवी प्रत ओतली, तर मूळ प्रतीवरील ठसाही आपोआप तिच्यात उतरतो. तथापि कांस्य निवताना सुमारे दीड ते दोन टक्के आकुंचन पावते. त्यामुळे ४० सें.मी. उंचीच्या प्रतीवरून काढलेली नक्कल साधारण ३९.२ ते ३९.४ सें.मी. भरते व तिच्यातील बारकावेही बोथट होतात. म्हणून तज्ज्ञ संशयित शिल्पाची अनेक ठिकाणची मापे खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहतात.

साचा किंवा प्लास्टर मूळचेच असेल, तर ही कसोटी निरुपयोगी ठरते. गी एँ या फ्रेंच विक्रेत्याच्या प्रकरणात हे उघड झाले. त्याने रुदिये ओतशाळेकडील मूळ साधने मिळवून रोदँ यांच्या शिल्पांच्या अनधिकृत प्रती ओतवल्या आणि त्यांवर अलेक्सिस रुदिये यांचा ठसा घातला. १९९० च्या दशकात प्रकरण उघडकीस आले व २००१ मध्ये बेझांसाँ येथील अपील न्यायालयाने त्याला कारावासाची शिक्षा दिली. जप्त न झालेल्या प्रती बाजारात फिरत असण्याची शक्यता राहिली.

अशा प्रसंगी निर्णय शिल्पापेक्षा कागदपत्रांवर अधिक अवलंबून असतो. ओतशाळेची देयके, संग्रहालयातील पत्रव्यवहार, जुनी छायाचित्रे आणि मालकी हस्तांतराची सलग नोंद यांतून ठशावरील नावाची पडताळणी होते. ही साखळी मध्येच तुटलेली असेल, तर ठसा कितीही स्पष्ट असला तरी प्रत केव्हा व कोणाच्या अधिकाराने ओतली हे केवळ त्यावरून सिद्ध करता येत नाही.