काचऱ्या जर्मनमध्ये उतरवताना

मराठीत बटाट्याच्या काचऱ्यांची कृती दोन ओळींत संपते. ‘तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळदीची फोडणी करावी. काचऱ्या आणि तिखटमीठ घालून वाफ आणावी.’ जर्मन शेजाऱ्यासाठी हीच कृती लिहायला घेतली, की पुढचे चार गैरसमज आडवे येतात.

गैरसमज : जिरे म्हणजे ‘क्युमेल’.
वस्तुस्थिती : क्युमेल दिसायला जिऱ्यासारखे असते आणि जर्मन घरात कोबीत, राय धान्याच्या पावात पडते. पण ती वनस्पती वेगळी आणि वासही वेगळा. आपल्या जिऱ्याला ‘क्रॉइत्सक्युमेल’ म्हणतात. फक्त ‘क्युमेल’ लिहिले, तर काचऱ्यांना पावाचा वास येईल. ‘श्वार्त्सक्युमेल’ वाचून शहाजिरे समजू नये, ती कलौंजी.

गैरसमज : फोडणीला एखादा जर्मन शब्द सापडेलच.
वस्तुस्थिती : तसा रुळलेला शब्द नाही. ‘आनब्राटन’ लिहिले, तर वाचणारा सगळे मसाले एकदम तेलात टाकून परतत बसेल आणि हळद करपेल. म्हणून क्रम सांगावा लागतो. तेल तापवा, मोहरी घाला, ती तडतडली की जिरे, मग हिंग. हळद शेवटी, आणि लगेच काचऱ्या. हे लिहिताना ‘घालावे’मधल्या ‘वे’साठी ‘सोलटे’ वापरू नये. जर्मन पाककृती साध्या क्रियार्थक रूपात लिहितात : ‘तेल तापवणे, मोहरी घालणे’.

गैरसमज : वाफ आणणे म्हणजे ‘डेम्पफेन’.
वस्तुस्थिती : डेम्पफेन म्हणजे मोदकांसारखे, पाण्याला न टेकता चाळणीत वाफवणे. त्या शब्दावर विसंबून शेजारी फोडणीतले बटाटे चाळणीत काढेल. काचऱ्या स्वतःच्याच ओलाव्यात शिजतात. त्याला ‘ड्युन्स्टन’ म्हणतात. सोबत ‘झाकण ठेवून, मंद आचेवर, अधूनमधून हलवत, 10 ते 12 मिनिटे’ हेही लिहावे. झाल्या की नाही ते कसे ओळखायचे? सुरीचे टोक काचरीत सहज शिरले पाहिजे.

गैरसमज : चमचा सगळीकडे सारखाच.
वस्तुस्थिती : आपला ‘चमचा’ मिसळणाच्या डब्यातला असतो, नाहीतर पोहे खायचा. जर्मन कृतीत ‘एसलोफेल’ साधारण 15 मिलिलिटरचा आणि ‘टेलोफेल’ 5 मिलिलिटरचा धरतात. म्हणून आधी आपलाच चमचा पाण्याने मोजून घ्यावा. हिंगासाठी त्यांचे ‘मेसरश्पिट्झे’ उत्तम : सुरीच्या टोकावर मावेल तेवढे. ‘चार मध्यम बटाटे’ मात्र ग्रॅममध्ये द्यावेत, सुमारे 500 ग्रॅम. शिवाय जातही लिहावी, कारण जर्मन दुकानात बटाटे शिजण्याच्या गुणानुसार विकतात. काचऱ्यांना ‘फेस्टकोखेंड’ म्हणजे शिजून आकार धरणारे हवेत. ‘मेलिशकोखेंड’ पिठूळ असतात. त्यांच्या काचऱ्या हलवता हलवता मोडतात आणि कढईत लगदा उरतो.