सरासरी एक, माणसे अठरा

रोज रात्री अंथरुणावर फक्त तीन तास घालवायला मिळाले, तर माणसाची चपळाई किती मंदावते? ग्रेगरी बेलेंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ स्लीप रिसर्च’मध्ये छापून आले. वेगवेगळ्या गटांना रात्री कमी-अधिक झोप दिलेली होती. त्यांपैकी तीन तासांच्या गटातल्या अठरा जणांची माहिती आज जगभरचे संख्याशास्त्राचे विद्यार्थी वापरतात. ‘आर’ या संगणक-प्रणालीच्या lme4 या पॅकेजसोबत ती sleepstudy या नावाने मिळते. प्रत्येकाची दहा दिवस रोज चाचणी झाली आणि प्रतिसाद द्यायला सरासरी किती मिलिसेकंद लागले, ते नोंदले गेले. अठरा माणसे, प्रत्येकी दहा नोंदी, एकूण १८० आकडे.

हे १८० आकडे म्हणजे १८० स्वतंत्र माणसे नव्हेत. एकाच माणसाच्या दहा नोंदी एकमेकींशी जुळत्या असतात. मुळात चपळ असलेला दमल्यावरही बऱ्यापैकी चपळ राहतो. शाळांमधली मुले, जिल्ह्यांमधली गावे, एकाच रुग्णाच्या अनेक तपासण्या, अशी गटागटांत बांधलेली माहिती असली की संशोधक ‘मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल’ वापरतात. त्याच्या निकालाचे दोन भाग असतात. स्थिर भाग सर्वांची मिळून सरासरी सांगतो. यादृच्छिक भाग त्या सरासरीभोवती माणसे किती विखुरली आहेत, हे सांगतो. छापील अहवालात पहिला भाग ठळक येतो, दुसरा बहुतेक वेळा तळटीपेत जातो किंवा गळूनच जातो. वाचकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मात्र त्या दुसऱ्या भागातच असते.

संगणकाच्या पडद्यावर या प्रयोगाचा निकाल असा दिसतो:

```
summary(lmer(Reaction ~ Days + (Days | Subject), sleepstudy))

Random effects:
 Groups   Name        Variance Std.Dev. Corr
 Subject  (Intercept) 612.10   24.741
          Days         35.07    5.922   0.07
 Residual             654.94   25.592

Fixed effects:
            Estimate Std. Error t value
(Intercept)  251.405      6.825  36.838
Days          10.467      1.546   6.771
```

खालचा भाग आधी पाहू, कारण तो सोपा आहे. शून्याव्या दिवशी सरासरी माणसाला प्रतिसाद द्यायला सुमारे २५१ मिलिसेकंद लागतात आणि पुढे रोज त्यात साधारण साडेदहा मिलिसेकंदांची भर पडते. नवव्या दिवशी हा आकडा ३४६ च्या आसपास पोहोचतो. साडेदहाच्या शेजारचा १.५५ हा आकडा त्या सरासरीतली प्रमाण त्रुटी आहे. तिच्यावरून ९५ टक्के विश्वासाचा पल्ला काढला, तर सरासरी वाढ रोज ७.४ ते १३.६ मिलिसेकंदांच्या दरम्यान येते. पल्ल्यात शून्य येत नाही, म्हणजे झोप कमी मिळाली की सरासरीने चपळाई घटते, हे या माहितीवरून नक्की म्हणता येते.

अनेक अहवाल इथेच थांबतात आणि वाचक मनात चुकीचा अर्थ घेऊन जातो. ७.४ ते १३.६ हा पल्ला पाहून त्याला वाटते की प्रत्येक माणूस रोज एवढ्याच फरकाने मंदावतो. तो पल्ला माणसांचा नाही, सरासरीचा आहे. सरासरी आपल्याला किती नेमकी कळली आहे, एवढेच तो सांगतो. माणसे किती वेगवेगळी आहेत, हे वरच्या भागात, Days च्या ओळीत लिहिलेले आहे. रोजच्या वाढीचे माणसामाणसांतले प्रमाण विचलन ५.९ आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट अंतर मोजले, तर बहुतेक माणसांची रोजची वाढ उणे दीडपासून बावीस मिलिसेकंदांपर्यंत कुठेही असू शकते. काहींवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही आणि काही सरासरीच्या दुप्पट वेगाने ढासळतात.

अठरा जणांत हे डोळ्यांनी दिसते. ३०८ क्रमांकाच्या व्यक्तीची पहिली नोंद २५० मिलिसेकंद होती, शेवटची ४६६. ३०९ क्रमांकाची पहिली २२३ आणि शेवटची २३७. प्रयोग एकच, झोप तेवढीच, पण एकाचा वेळ दुपटीच्या जवळ गेला आणि दुसऱ्याचा जेमतेम हलला. रात्रपाळीच्या कामगारांचे वेळापत्रक ठरवणाऱ्याला सरासरीइतकाच हा फरकही माहीत हवा.

आता हा फरक वाचकापुढे मांडायचा कसा? पहिली अडचण एककाची. संगणक दोन रकाने देतो, प्रचरण आणि प्रमाण विचलन. Days चे प्रचरण ३५ आहे, पण ते मिलिसेकंदांच्या वर्गात मोजलेले असते आणि तसल्या एककात कुणी विचार करत नाही. त्याचे वर्गमूळ ५.९ हे साध्या मिलिसेकंदांत आहे आणि साडेदहाच्या शेजारी ठेवून ताडता येते. म्हणून सर्वसाधारण वाचकासाठी प्रमाण विचलनच द्यावे.

दुसरी युक्ती याहून उपयोगी आहे. वाढीच्या वेगातला फरक वाचकाला चटकन कळत नाही, पण ठरावीक दिवशी माणसे एकमेकांपासून किती लांब आहेत, हे कळते. शून्याव्या दिवशी माणसामाणसांतले प्रमाण विचलन २५ मिलिसेकंद आहे. म्हणजे सुमारे दोन तृतीयांश माणसे २२७ ते २७६ च्या दरम्यान बसतात. याच मॉडेलमधून नवव्या दिवसाचा हिशेब काढला, तर विचलन ६० मिलिसेकंदांवर जाते आणि तेवढीच माणसे २८५ ते ४०६ अशी पसरतात. झोप कमी झाल्याने माणसे सरासरीने मंदावतात आणि त्याबरोबर त्यांच्यातली दरीही वाढते. या वाक्यातली दरीची गोष्ट यादृच्छिक भागातून आली आहे. नुसत्या सरासरीतून ती कधीच लिहिता आली नसती.

वरच्या भागात आणखी दोन आकडे उरतात. Residual च्या ओळीतले २५.६ म्हणजे एकाच माणसाच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या रेषेभोवती रोज किती वरखाली होतात, ते प्रमाण. दिवसागणिक होणारी ही चढउतार साडेदहाच्या रोजच्या वाढीपेक्षा मोठी आहे, म्हणून एका माणसाच्या दोन-तीन दिवसांवरून निष्कर्ष काढता येत नाही. ०.०७ हा सहसंबंध आहे. मुळात हळू असलेले लोक जास्त वेगाने ढासळतात का, याचे ते उत्तर. तो शून्याजवळ दिसतो, पण त्याचा विश्वासाचा पल्ला उणे ०.४८ ते ०.६८ इतका रुंद आहे. ‘संबंध नाही’ असे न लिहिता ‘अठरा जणांवरून सांगता येत नाही’ असे लिहिणेच प्रामाणिक ठरते. ५.९ च्या बाबतीतही तेच. त्याचा पल्ला ३.८ ते ८.८ आहे. नोंदी १८० असल्या तरी माणसांतला फरक मोजायला माणसे अठराच आहेत, हे अहवालात लिहायला हवे.

मॉडेलमधून यादृच्छिक भाग कापला तर स्थिर भागही बिघडतो. समजा संशोधकाने प्रत्येकाला वेगळा आरंभबिंदू दिला, पण रोजची वाढ सर्वांची सारखीच धरली. सरासरी वाढ तेव्हाही १०.४७ च येते. प्रमाण त्रुटी मात्र १.५५ वरून ०.८० वर उतरते, जवळपास निम्मी. निकाल दुप्पट नेमका भासतो, पण माहितीत नवे काही आलेले नसते. प्रत्येकाचा वेग वेगळा आहे ही गोष्ट झाकली, म्हणून खोटी खात्री वाढली. पडताळा साधा आहे. इथे प्रत्येकाच्या नोंदी सारख्याच दिवसांच्या असल्याने, अठरा जणांच्या अठरा वेगळ्या रेषा काढून त्यांच्या उतारांची सरासरी आणि तिची प्रमाण त्रुटी काढावी. १.५५ च येते. म्हणून कोणते घटक माणसागणिक बदलू दिले होते, हे अहवालात एका वाक्यात यायलाच हवे. त्याशिवाय प्रमाण त्रुटीवर विश्वास ठेवता येत नाही.

व्यक्तींचे आकडे मांडताना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ३३५ क्रमांकाच्या व्यक्तीच्या दहा नोंदींवरून एकटी रेषा काढली, तर वेळ रोज २.९ मिलिसेकंदांनी कमी होताना दिसते, जणू झोप न मिळाल्याने चपळाई वाढली. मॉडेल तोच आकडा उणे ०.३ देते. ३०८ क्रमांकाची २१.८ ची वाढ १९.७ वर येते. दहा चंचल नोंदींवर पूर्ण विसंबण्याऐवजी मॉडेल प्रत्येकाला थोडे सरासरीकडे ओढते, कारण टोकाच्या आकड्यात योगायोगाचा वाटा जास्त असण्याची शक्यता असते. त्यामुळे हे व्यक्तिगत आकडे अंदाज आहेत, मोजमाप नव्हे. आलेखात मूळ नोंदींचे ठिपके, त्यांवर प्रत्येकाची बारीक रेषा आणि सरासरीची जाड रेषा दाखवली, तर स्थिर आणि यादृच्छिक हे दोन्ही भाग वाचकाला एकाच नजरेत दिसतात.

शून्यावा दिवस म्हणजे काय, हेही लिहावे. या प्रयोगात पहिले दोन दिवस सरावाचे होते, तिसरा तुलनेसाठी धरलेला आणि झोप त्यानंतर तोडली. सरावाचे दिवस वगळले तर रोजची वाढ सुमारे ११.४ येते. फरक मोठा नाही, पण २५१ हा आकडा सरावाच्या पहिल्या दिवसाचा आहे, हे वाचकाला कळले पाहिजे.

सगळे जमेस धरून निकालाचा परिच्छेद असा लिहिता येतो: ‘रात्री तीन तास झोपेच्या काळात प्रतिक्रियेचा वेळ सरासरीने रोज १०.५ मिलिसेकंदांनी वाढला (९५ टक्के पल्ला ७.४ ते १३.६). ही वाढ माणसागणिक बरीच वेगळी होती (प्रमाण विचलन ५.९, पल्ला ३.८ ते ८.८). बहुतेकांचा वेग शून्याच्या आसपासपासून बावीसपर्यंत असावा. एकाच व्यक्तीच्या नोंदींत दिवसागणिक सुमारे २६ मिलिसेकंदांची चढउतार होती. आरंभीचा वेळ आणि वाढीचा वेग दोन्ही व्यक्तीनुसार बदलू दिले. व्यक्ती १८, नोंदी १८०.’ सहा वाक्यांत पडद्यावरचे बहुतेक आकडे येतात आणि प्रत्येक आकडा काय मोजतो, हेही कळते.

औषध, शाळा किंवा पीक, विषय कोणताही असो, ‘सरासरीने इतका फायदा झाला’ असे वाचले की तिथे थांबू नका. माणसामाणसांत, शाळाशाळांत, शेताशेतांत तो फायदा किती बदलला, हा दुसरा आकडा शोधा. तो दिलेला नसेल, तर तुमच्या वाट्याला काय येईल हे त्या अहवालाने तुम्हाला सांगितलेले नाही.