फ्लॅटचे पैसे बांधकामासोबत द्यावेत की ताबा घेताना? असा करा हिशेब

समजा, पुण्यातील एका फ्लॅटचा ताबा ३ वर्षांनी मिळणार आहे. बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे भरल्यास किंमत ८० लाख: करारावेळी २० लाख, मग ३ वर्षे दरवर्षी २० लाख. ताब्यावेळी ८० टक्के द्यायचे असल्यास किंमत ८८ लाख: करारावेळी १७.६ लाख, ताब्यावेळी ७०.४ लाख.

फरक ८ लाखांचा दिसतो. पण उशिरा द्यायच्या पैशांवरचे व्याज वाचते. म्हणून गृहकर्जाचा ९ टक्के दर धरून प्रत्येक हप्त्याचे आजचे मूल्य काढा. जितकी वर्षे, तितक्या वेळा हप्त्याला १.०९ ने भागा. पहिली योजना ७०.६३ लाखांना, दुसरी ७१.९६ लाखांना पडते.

ताबा आणि शेवटचा हप्ता वर्षभर लांबला, तर आकडे ६९.३५ आणि ६७.४७ लाख होतात. म्हणजे उशिराची शक्यता दिसत असेल, तर महाग योजनाच स्वस्त पडते.