पेजवरील गिऱ्हाईक स्वतःच्या संकेतस्थळावर कसे न्यावे? सुरतच्या साडी व्यवसायाच्या निमित्ताने

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. पितृपक्ष संपत आला होता आणि घटस्थापना तीन दिवसांवर होती. सुरतच्या साडी व्यापारात हे दिवस मोठ्या लगबगीचे असतात. रिंग रोडवरील कापड बाजारांतून माल उचलून घरबसल्या साड्या विकणाऱ्या महिलांचा खरा व्यवहार रात्रीची जेवणे आटोपल्यावर सुरू होतो. उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही असा व्यवसाय करणाऱ्या महिला आहेत. त्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे एकाच वेळी बंद पडली आणि सुमारे सहा तास बंदच राहिली. तिन्हींची मालकी एकाच कंपनीची असल्यामुळे एक दार बंद झाले म्हणून दुसरे ठोठावण्याची सोय नव्हती. त्याआधी २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा तर त्या माध्यमावर जमवलेले फॉलोअर कायमचेच गेले.

या दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट उघड होते. पेजवरील फॉलोअर हा विक्रेत्याच्या वहीत नोंदलेला गिऱ्हाईक नसतो. त्याचे नाव दिसते, पण दूरध्वनी क्रमांक मिळत नाही आणि ती यादी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणूनच स्वतःचे संकेतस्थळ असावे, असे अनेक विक्रेत्यांना वाटते. मात्र ते उभारल्यावर ‘आम्ही आता येथे नाही, नव्या पत्त्यावर या’ अशी घोषणा करून पेज ओस टाकले, तर गिऱ्हाईक नव्या पत्त्यावर जात नाही आणि जुन्या ठिकाणीही राहत नाही.

याचे कारण माणसाच्या सवयीत आहे. फॉलोअर पेजवर खरेदीसाठी येत नाही. तो फावल्या वेळात चित्रे पाहायला येतो आणि एखादी साडी मनात भरली तर थांबतो. संकेतस्थळावर मात्र काही हेतू असल्याशिवाय कोणी जात नाही. त्यामुळे सगळ्या फॉलोअरांना हलवण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो. हलवायचा आहे तो व्यवहाराचा शेवटचा टप्पा, म्हणजे किंमत, शिल्लक माल, पैसे आणि पत्ता. दुकानाची काचेची खिडकी पेजवरच राहावी आणि गल्ला तेवढा स्वतःच्या घरी यावा, अशी ही विभागणी आहे.

आरंभ नावापासून करावा. पेजचे जे नाव लोकांच्या डोळ्यांत बसले आहे, तेच संकेतस्थळाच्या पत्त्यात असावे. सुरतच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. उत्पादक आपल्या साड्यांची छायाचित्रे विक्रेत्यांना पुरवतात आणि तीच छायाचित्रे असंख्य पेजवर झळकतात. त्यांतील काही पेज निव्वळ फसवणुकीची असतात. अशा स्थितीत अनोळखी पत्त्याची लिंक दिसली की गिऱ्हाईक बिचकते. त्याचा विश्वास बसलेला असतो तो जुन्या पोस्टखालील ‘साडी मिळाली, छान आहे’ अशा अभिप्रायांवर. ते अभिप्राय जुन्या पेजवरच राहतात. म्हणून नवे पेज काढू नये. जुन्या पेजवर संकेतस्थळाचा पत्ता आणि संकेतस्थळावर जुन्या पेजची लिंक असे दुहेरी बोट धरून द्यावे.

दुसरी पायरी मालाची. पहिल्याच दिवशी चारशे साड्या संकेतस्थळावर चढवण्याची गरज नसते. ज्यांच्याविषयी पेजवर सर्वाधिक विचारणा होते अशा दहा साड्या निवडाव्यात, प्रत्येकीला एक क्रमांक द्यावा आणि प्रत्येकीचे स्वतंत्र पान करावे. त्या पानावर उत्पादकाच्या छायाचित्राखेरीज विक्रेत्याने स्वतः दिवसाच्या उजेडात घेतलेले चित्र, कापडाचा प्रकार, लांबी, ब्लाउज पीस आहे की नाही, टपालखर्चासह एकूण किंमत आणि किती नग शिल्लक आहेत हे सांगावे. इनबॉक्समध्ये शंभर वेळा लिहावी लागणारी उत्तरे एकदाच लिहून ठेवायची, असा याचा अर्थ.

यानंतर नाजूक भाग येतो. अनेक विक्रेते पोस्टवर किंमत लिहीत नाहीत. ‘किंमत?’ असे कोणी विचारले की ‘इनबॉक्स पाहा’ असे उत्तर देतात. त्या प्रश्नोत्तरांमुळे पोस्टवर वर्दळ राहते आणि ती आणखी लोकांना दिसते. उद्यापासून सगळी विचारणा संकेतस्थळाकडे वळवली, तर अभिप्राय आटतात, पोस्ट कमी जणांना दिसते आणि फॉलोअर दुरावल्यासारखे वाटू लागतात. यावर उपाय साधा आहे. प्रश्न विचारणाऱ्याला त्याच ठिकाणी, सर्वांना दिसेल असे किमतीसह उत्तर द्यावे आणि साडीचा क्रमांक सांगावा. लिंक स्टोरीमध्ये किंवा पेजच्या परिचयात ठेवावी, कारण इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात लिहिलेला पत्ता दाबून उघडत नाही. लिंक संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची नव्हे, तर त्या साडीच्याच पानाची असावी. पिवळी साडी पाहून आलेल्या गिऱ्हाइकाला मुखपृष्ठावर सोडले, तर ती शोधत बसण्याऐवजी ते परत फिरते.

किंमत दोन्हीकडे एकच असावी. इनबॉक्समध्ये घासाघीस करून पन्नास रुपये सुटतात हे एकदा कळले की संकेतस्थळाकडे कोणी फिरकत नाही. इनबॉक्समधून आलेली मागणी नाकारू मात्र नये. ती घ्यावी आणि विक्रेत्याने स्वतःच संकेतस्थळावर नोंदवावी. असे न केल्यास एकुलती एक साडी इनबॉक्समध्ये विकली जाते, संकेतस्थळावर ती शिल्लक दिसत राहते आणि एकाच नगाचे पैसे दोघांकडून येतात. त्यातील एकाला पैसे परत करताना विश्वासही खर्ची पडतो.

कोणते गिऱ्हाईक कोठून आले हे कळण्यासाठी लिंकच्या शेवटी खूण जोडता येते. साडी क्रमांक २१४ ची लिंक स्टोरीत देताना तिचा उत्तरभाग असा असेल:

```
/saree/214?utm_source=instagram&utm_medium=story
```

या खुणेने पानात काहीच बदल होत नाही. भेटींची मोजणी करणाऱ्या साधनात मात्र स्टोरीतून आलेले आणि परिचयातून आलेले लोक वेगळे दिसतात.

ही मोजणी कशी वाचावी, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, एका आठवड्यात १०० जणांनी स्टोरीतील लिंक दाबली. त्यांपैकी ६० जणांपर्यंत साडीचे पान पोचले, १२ जणांनी ‘खरेदी करा’ हे बटण दाबले आणि दोघांचेच पैसे आले. पहिली गळती ४० जणांची आहे. पान उघडण्यापूर्वीच इतके लोक परत फिरले, तर बहुधा छायाचित्रे जड आहेत आणि मोबाईलवर पान उशिरा उघडते. छायाचित्रांचा आकार घटवून पुढील आठवड्यात तोच आकडा पाहावा. ६० मधून १२ ही घट स्वाभाविक आहे, कारण पाहणारे सगळेच घेत नाहीत. खरी चिंता १२ मधून दोन उरण्याची. विकत घेण्याचे ठरवलेले दहा जण गल्ल्यापाशी येऊन परतले आहेत.

या ठिकाणी बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक अडचण असते. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधील लिंक दाबली की संकेतस्थळ फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, तर त्या ॲपच्याच आतील खिडकीत उघडते. त्या खिडकीतून यूपीआय ॲपकडे जाण्याची उडी काही वेळा फसते. बटण दाबूनही काही होत नाही, किंवा पैसे देऊन परतल्यावर पान कोरे दिसते. शिवाय या खिडकीची स्मृती वेगळी असते. तिच्यात टोपलीत टाकलेली साडी नंतर क्रोममध्ये संकेतस्थळ उघडल्यावर दिसत नाही. विक्रेता मात्र आपले संकेतस्थळ क्रोममध्येच तपासतो, म्हणून त्याला सगळे सुरळीत वाटते. तपासणी स्वतःच्या स्टोरीतील लिंक दाबून, निदान दोन वेगळ्या फोनवर, खरोखर पैसे भरून करावी. व्यवहार अडकत असेल तर ‘वरील तीन ठिपके दाबून ब्राउझरमध्ये उघडा’ अशी सूचना बटणाजवळ ठळक द्यावी. खाते उघडण्याची सक्ती करू नये. नाव, पत्ता आणि फोन क्रमांक एवढ्यावर खरेदी पूर्ण व्हावी.

पहिली खरेदी पूर्ण झाली की फॉलोअर प्रथमच वहीतला गिऱ्हाईक होतो. नव्या साड्यांची माहिती पाठवली तर चालेल का, हे त्याच वेळी वेगळ्या चौकटीत विचारावे आणि चौकट आधीच टिचकी मारलेली नसावी. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे पार्सलमध्ये क्रमांक जतन करण्याची विनंती करणारी चिठ्ठी घालणे उपयोगी पडते. ही यादी व्हॉट्सॲपपुरती ठेवू नये. तिची प्रत स्वतःकडे असावी, नाहीतर ४ ऑक्टोबरची रात्र पुन्हा आल्यास तीही हाताबाहेर राहील.

संकेतस्थळाबरोबर जबाबदाऱ्याही येतात. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. सुरतेहून म्हापशाला किंवा मडगावला साडी पाठवणे हा आंतरराज्य पुरवठा ठरतो. त्यासाठी उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी आवश्यक असते. ती विक्री इनबॉक्समधून झाली म्हणून हा नियम बदलत नाही.

या मार्गाला मर्यादाही आहे. संकेतस्थळ स्वतःहून नवे गिऱ्हाईक आणत नाही. ते काम पुढेही पेजच करणार, त्यामुळे तेथे नव्या साड्यांची चित्रे नियमित येत राहिली पाहिजेत. ज्या विक्रेत्याचा माल रोज बदलतो आणि प्रत्येक साडीचा एकच नग असतो, त्याला प्रत्येकीचे पान करणे परवडणार नाही. त्याने नेहमी मिळणाऱ्या साड्या संकेतस्थळावर ठेवाव्यात आणि बाकीच्या पेजवरच विकाव्यात. प्रगती मोजण्यासाठी फॉलोअरांचा आकडा पुरेसा नाही. दर महिन्याला एकूण मागण्यांपैकी किती संकेतस्थळावरून आल्या आणि त्यांपैकी किती गिऱ्हाइके दुसऱ्यांदा आली, हे दोन आकडे वहीत लिहावेत. दुसऱ्यांदा येणारे गिऱ्हाईक स्टोरीतील लिंक न शोधता थेट पत्ता लिहून येऊ लागले, की तो गल्ला विक्रेत्याचा स्वतःचा झाला असे समजावे.