पुराचे दिवस मोजून मागा

ऑगस्ट 2019च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग बंद पडला होता. समजा, तशा पुरात एका कंत्राटदाराच्या पायाच्या खड्ड्यात 9 दिवस पाणी राहिले. उपसायला, गाळ काढायला आणखी 4 दिवस गेले. मग नोटिशीत मुदतवाढ 13 दिवसांचीच मागावी. सरसकट महिना मागितला, की खऱ्या दिवसांवरही संशय येतो. राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची नोंद जोडावी, पण ती नदीची झाली. साइटवरचे पाणी तारखेच्या फोटोंनी आणि रोजनिशीनेच दिसते. पंप कधी लावले, सिमेंट कधी हलवले, उंचवट्यावरचे कोणते काम चालू ठेवले, तेही लिहावे. करारातली नोटिशीची मुदत पाणी ओसरेपर्यंत थांबत नाही; पहिली नोटीस पूर असतानाच द्यावी.