एकाने ठेवायचं, दुसऱ्याने पाहायचं: वर्षअखेरीच्या हिशेबाचं फोल्डर

जून उजाडला की कर सल्लागाराच्या व्हॉट्सॲपवर कागदांचा पाऊस सुरू होतो. बँक स्टेटमेंटची सहा पानं आज येतात, उरलेली परवा. देणेकऱ्यांची यादी एकदा येते, मग ‘आधीची सोडा, ही घ्या’ म्हणून दुसरी येते. महिन्याभराने रिटर्न भरायच्या वेळी कोणती यादी खरी हे दोघांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करून ते सीएला फक्त पाहण्यापुरतं उघडून दिलं, तर हा गोंधळ बराचसा टळतो. मात्र त्यासाठी दोन गोष्टी नीट जमायला हव्यात. फोल्डर कोणत्या वर्षाचं आहे हे निःसंशय कळलं पाहिजे आणि त्यात फेरफार करणारा माणूस एकच असला पाहिजे.

नुसतं ‘२०२६-२७’ लिहू नका

वर्षाचा घोळ जुनाच आहे. पैसे मिळवले ते आर्थिक वर्ष, आणि त्या मिळकतीवर कर आकारला जातो ते त्यापुढचं, म्हणजे करनिर्धारण वर्ष. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ हे आर्थिक वर्ष २०२५-२६, पण त्याच्या रिटर्नवर २०२६-२७ असं छापलेलं असतं. व्यापारी पहिला आकडा धरतो, सीएच्या ऑफिसात दुसरा चालतो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आणि त्यात ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना ठेवली आहे. पुढे यामुळे सोय होईल, पण या वळणावर एक पेच पडला आहे. २०२५-२६ च्या मिळकतीचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं असल्यामुळे त्यावर करनिर्धारण वर्ष २०२६-२७ येणार. आणि १ एप्रिल २०२६ पासूनची मिळकत नव्या कायद्यात कर वर्ष २०२६-२७ ची म्हणून मोजली जाणार. आकडा एकच, वर्षं दोन. तेव्हा फोल्डरच्या नावातच दोन्ही ओळखी लिहाव्यात: `FY2025-26_AY2026-27`. पुढच्या फोल्डरला `TY2026-27`.

आत काय, कुठे

पुण्यात इंटिरिअरची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचं उदाहरण धरू. धंदा एकट्याच्या नावावर, जीएसटी नोंदणी आहे, दोन बँक खाती आणि गाडीवर कर्ज. त्याला एवढी मांडणी पुरते:

```
FY2025-26_AY2026-27
  00_Questions
  01_Bank
  02_Sales-GST
  03_Purchase-Expenses
  04_TDS-26AS-AIS
  05_31March
  06_Loans-Assets
  07_Personal
  08_Filed
```

सुरुवातीच्या आकड्यांमुळे ड्राइव्ह हा क्रम मोडत नाही. आतल्या फाइलींच्या नावात आधी तारीख घालावी, तीही वर्ष, महिना, दिवस अशी, म्हणजे बिलं आपोआप तारखेने लागतात: `2026-03-28_Bill-112.pdf`. बहुतेक कप्प्यांत काय जायचं ते नावावरूनच कळतं. सातव्यात विमा, घरभाडं, मुदत ठेवींचं व्याज असे घरचे कागद. आठव्यात शेवटी भरलेलं रिटर्न आणि त्याची पोच.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो पाचवा कप्पा. त्यात ३१ मार्चच्या संध्याकाळची स्थिती असते: गोदामात किती प्लाय आणि लॅमिनेट उरलं, कोणती कामं अर्धवट होती, कोणाकडून येणं होतं, कोणाला देणं होतं. बँकेचं स्टेटमेंट जुलैतही मिळतं. माल मोजायची संधी मात्र त्या दिवशीच असते. त्यामुळे हाताने लिहिलेल्या मोजणीच्या कागदाचा फोटोसुद्धा इथे मोलाचा ठरतो.

हा कप्पा का लागतो ते एका बिलावरून पाहू. आपल्या कंत्राटदाराने २८ मार्च २०२६ ला एका कंपनीच्या ऑफिसचं काम संपवून बिल दिलं: काम २,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००, एकूण २,८३,२००. कंपनीने मार्चमध्येच बिल वहीत घेतलं आणि कामाच्या रकमेवर १ टक्का, म्हणजे २,४०० रुपये टीडीएस कापला. उरलेले २,८०,८०० रुपये खात्यात आले १२ एप्रिलला.

सीए ३१ मार्चपर्यंतचं स्टेटमेंट पाहतो तेव्हा ही रक्कम त्यात नसते. इकडे सव्वीस एएसमध्ये त्या कंपनीच्या नावापुढे २,४०,००० ची नोंद दिसते. बँकेवरून विक्री मोजली तर बिल सुटतं आणि खात्याकडच्या आकड्याशी रिटर्न जुळत नाही. येण्यांच्या यादीत ‘बिल ११२’ असेल आणि पहिल्या कप्प्यात एप्रिलचं स्टेटमेंटही असेल, तर कोडं दोन मिनिटांत सुटतं. आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये पुढच्या महिन्याचं एखादं पान लागतं ते यासाठी.

याच बिलातून आणखी एक गोष्ट निघते. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरणपत्र भरायला कापणाऱ्याला ३१ मेपर्यंत मुदत असते. म्हणून एप्रिलमध्ये उतरवलेलं सव्वीस एएस बहुधा अपुरंच असतं. ते जूनच्या मध्याला पुन्हा उतरवावं. फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख असली, `2026-06-15_26AS.pdf` अशी, की पाहणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. या पीडीएफना, तसंच बँकेच्या स्टेटमेंटना पासवर्ड असतो. फाइल क्रोममध्ये उघडून प्रिंटमधून पुन्हा पीडीएफ म्हणून जतन केली की सहसा बिनपासवर्डची प्रत मिळते. नेटबँकिंगचे किंवा आयकर पोर्टलचे पासवर्ड मात्र या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नयेत.

पाहण्यापुरती परवानगी

फोल्डरवर उजवी क्लिक करून `Share` उघडलं की ईमेल पत्ता घालायची जागा येते. तिथे सीएचा पत्ता घालून शेजारी `Viewer` निवडायचं. खाली `General access` मध्ये `Restricted` असलं पाहिजे. तिथे `Anyone with the link` निवडलं, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचं वर्षभराचं उत्पन्न वाचता येतं. मग वर कोणाचे पत्ते घातले याला अर्थ उरत नाही. खात्री करायला लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावी. लॉगिन मागितलं तर दार बंद आहे, कागद दिसले तर उघडं.

परवानगी वरून खाली झिरपते हेही लक्षात ठेवावं. ‘हिशेब’ नावाचं मोठं फोल्डर शेअर केलं, तर आतली सगळी वर्षं आणि उद्या त्यात ठेवाल ते सगळं सीएला दिसू लागेल. शेअर करायचं ते वर्षाचं फोल्डर. सीएच्या ऑफिसात कागद हाताळणारी मुलं बदलत असतात, म्हणून ज्यांना पाहायचं त्यांचे पत्ते एकेक करून घालावेत आणि कोणी सोडून गेलं की तेवढंच नाव काढावं.

`Editor` का नको? संपादनाचा हक्क असलेल्याकडून चुकून फाइल दुसरीकडे सरकली, तर ती जागेवरून गेल्याचं तुम्हाला महिन्यांनी कळेल. शिवाय त्याने तुमच्या फोल्डरमध्ये टाकलेल्या फाइलची मालकी साध्या खात्यांत त्याच्याकडेच राहते. तुमच्या रिटर्नचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टांगलेला असणं बरं नाही. सीएने तयार केलेला कागद ईमेलने घ्यावा आणि आठव्या कप्प्यात आपल्या हाताने ठेवावा.

एका जागी मात्र सीएला लिहू द्यावं, ती म्हणजे `00_Questions` ही शीट. फोल्डर पाहण्यापुरतं असलं तरी त्यातल्या एखाद्या फाइलवर वाढीव हक्क देता येतो, तेव्हा एवढ्या शीटवर सीएला `Editor` करावं. तारीख, प्रश्न, उत्तर आणि फाइलचं नाव एवढे चार रकाने पुरतात. ‘ऑगस्टमधले ५०,००० कोणाचे?’ हा प्रश्न तिथे एकदाच विचारला जातो आणि उत्तर पुढच्या वर्षीही सापडतं.

हा कडीकोयंडा काय अडवत नाही

पाहणारा फाइल उतरवून घेऊ शकतो. सेटिंगमध्ये डाउनलोड आणि प्रिंट बंद करता येतं, पण बँकेच्या नोंदी टॅलीत घ्यायच्या असतील तर सीएला ती फाइल लागतेच. आणि पडद्याचा फोटो कोणीही काढू शकतं. उद्या परवानगी काढून घेतली तरी उतरवलेली प्रत परत येत नाही.

खरी मोठी उणीव वेगळी आहे. `Viewer` मुळे सीएचे हात बांधले जातात, तुमचे नाहीत. सीएने ३० जूनला देणेकऱ्यांची यादी पाहून आकडे धरले आणि ५ जुलैला तुम्ही त्याच नावाची दुरुस्त यादी चढवली, तर त्याला पत्ताही लागत नाही. पीडीएफसारख्या फाइलची जुनी आवृत्ती ड्राइव्ह साधारण ३० दिवस सांभाळतं, नंतर तीही जाते. म्हणून फोल्डर सोपवल्यावर जुन्या फाइलवर नवी चढवायची नाही. दुरुस्त यादी नव्या तारखेच्या नावाने शेजारी ठेवायची, जुनी तशीच राहू द्यायची आणि प्रश्नांच्या शीटमध्ये बदलाची एक ओळ लिहायची. पुढे कोणता आकडा कुठून आला हे शोधायची वेळ आली, तर दोन्ही याद्या समोर असतात.

रिटर्न भरलं म्हणून लगेच परवानगी काढायची घाई नको. रिटर्न तपासून खातं कलम १४३(१) खालची सूचना पाठवतं. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून नऊ महिने त्यासाठी मुदत असते. २०२६ च्या पावसाळ्यात भरलेल्या रिटर्नसाठी ती ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत जाते. सूचना आली, आकडे जुळले, की ती आठव्या कप्प्यात ठेवून सीएचं नाव काढावं. फोल्डर मात्र पुसू नये. जीएसटीच्या वह्या आणि कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. तोवर हे फोल्डर तुमच्याच खात्यात, तुमच्याच नावावर राहिलं पाहिजे.