चौघांचा मसालेभात वीस जणांना

भाचीच्या केळवणाला आम्ही वीस माणसं होतो. मसालेभाताची कृती मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलेली होती, चार जणांची. दीड कप तांदूळ, तीन कप पाणी, दीडशे ग्रॅम तोंडली, तीन टेबलस्पून तेल, दोन टीस्पून गोडा मसाला, दीड टीस्पून मीठ. मी सगळं सरळ पाचपट केलं. भाताचा गिचका झाला आणि तळाला लागलाही. तेव्हापासून या एका भाताचा हिशेब मी नीट समजून घेतला आहे.

आधी स्क्रीनशॉटच नीट वाचावा. किती जणांसाठी, ही ओळ बहुतेक वेळा वर असते आणि चित्र काढताना कापली जाते. ती नसेल तर तांदळावरून अंदाज घ्यावा. मसालेभाताला माणशी साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम तांदूळ पुरतो. दीड कप म्हणजे साधारण तीनशे ग्रॅम, म्हणजे कृती चौघांचीच. दुसरं, टीस्पून पाच मिलिलिटरचा आणि टेबलस्पून पंधराचा. छोट्या अक्षरांत इथे गफलत झाली तर तिप्पट फरक पडतो, आणि पाचपट करताना ती चूकही पाचपट होते. म्हणून सगळे नवे आकडे आधी कागदावर लिहून काढावेत. ओल्या हातांनी स्क्रीन चालू करत तोंडी गुणाकार केला, की एखादा जिन्नस चौपट पडतो आणि एखादा दोनदा.

तांदूळ आणि तोंडली डोळे मिटून पाचपट करावीत: दीड किलो तांदूळ, पाऊण किलो तोंडली. मीठही पाचपटच लागतं, कारण ते अन्नाच्या वजनावर ठरतं. पण चमचा शिगोशिग आहे की सपाट, यावर सगळं फिरतं. त्यामुळे ते वजन करून घ्यावं. दीड सपाट टीस्पून म्हणजे नऊ ग्रॅम, पाचपट पंचेचाळीस. त्यातलं थोडं मागे ठेवून, पाण्याची चव घेऊन मग घालावं. लवंग, हिंग, तिखट मात्र आधी साडेतीनपट घ्यावं. कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. तेलाचंही तसंच. मोठ्या पातेल्याचा तळ पाचपट मोठा नसतो, त्यामुळे पंधराऐवजी दहा-अकरा टेबलस्पूनात फोडणी होते.

खरी गोम पाण्यात आहे. घातलेल्या पाण्याचे दोन वाटे होतात. एक तांदूळ पितो, दुसरा वाफ होऊन जातो. आपल्या तीन कपांपैकी सव्वादोन कप तांदूळ पितो आणि पाऊण कप उडून जातो असं धरू. तांदूळ पाचपट झाला की पिण्याचं पाणी पाचपट लागतं, म्हणजे सव्वाअकरा कप. पण वाफ पातेल्याच्या तोंडातून जाते, आणि ते तोंड पाचपट रुंद झालेलं नसतं. शिजायचा वेळही फारसा वाढत नाही. म्हणून उडणारं पाणी फार तर अडीचपट, म्हणजे जेमतेम दोन कप. एकूण झाले तेरा कप. मी घातले होते पंधरा. तांदूळ नवा असेल तर याहून कप-दीड कप कमीच घालावं.

भांडं नऊ-दहा लिटरचं, जाड बुडाचं हवं, कारण साडेसात कप तांदूळ फुगून तिप्पट होतो आणि त्यात भाजीही असते. पाऊण किलो तोंडली एकदम परतायला टाकली तर पाणी सोडून नुसती वाफवली जातात. ती दोन हप्त्यांत परतावीत.

वेळेचं गणित निराळं आहे. तेरा कप पाणी गार घातलं तर उकळी यायलाच खूप वेळ जातो, आणि तोवर तांदूळ भिजून मोडायला लागतो. म्हणून पाणी शेजारच्या शेगडीवर आधण करून घालावं. उकळी आली, की पुढे चौघांच्या भाताइतकाच वेळ लागतो, बारा ते पंधरा मिनिटं, कारण शिजायचा तो दाणा तेवढाच आहे. पण एवढा मोठा ऐवज लवकर निवत नाही, गॅस बंद केल्यावरही आतल्या आत शिजत राहतो. दाण्यात बारीकशी कणी असतानाच गॅस बंद करावा आणि झाकण न उघडता वीस मिनिटं ठेवावं.

उलथण्याचं टोक कडेने तळापर्यंत घालून पाहावं. तळाशी पाणी दिसलं तर पातेल्याखाली तवा सरकवून मंद आच द्यावी. वरचा भात कणीदार आणि खालचा मऊ असेल तर ढवळू नका, दाणे मोडतात. अर्धी वाटी उकळतं पाणी वरून शिंपडून झाकण लावा.

आणि पाहुणे गेले की त्याच कागदावर लिहून ठेवा: कोणतं पातेलं, कोणता तांदूळ, किती पाणी. पुढच्या वेळी स्क्रीनशॉटपेक्षा तोच कागद जास्त उपयोगी पडेल.